पीएस ५ साठी हेडसेट: ब्लूटूथपासून डोंगलपर्यंतचे पंचवीस दिवस

सोनीच्या पीएस ५ या गेम कन्सोलमध्ये ब्लूटूथ आहे, त्याचा कंट्रोलरही ब्लूटूथवरच चालतो, आणि तरीही त्याला ब्लूटूथ हेडफोन आवाजासाठी जोडता येत नाहीत. हे माहीत नसलं की पहिली संध्याकाळ वाया जाते. २ ऑगस्ट २०२५ च्या शनिवारी माझीही गेली. घरातले चांगले इयरबड जोडण्याच्या मोडमध्ये ठेवले, कन्सोलच्या Accessories मध्ये शोधले, पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. बिघाड इयरबडमध्ये नव्हता आणि कन्सोलमध्येही नव्हता. सोनीने ही वाट मुळातच बंद ठेवली आहे.

तिथून हेडसेट पक्का होईपर्यंत पंचवीस दिवस गेले. गरज साधी होती. गोळी झाडल्याचं चित्र आणि आवाज एकाच वेळी यावेत, मित्रांचं बोलणं गेमच्या आवाजात बुडू नये, आणि माझं बोलणं त्यांना स्पष्ट ऐकू जावं. खर्चाची मर्यादा ९,००० रुपये ठरवली होती.

ब्लूटूथ का नको

ब्लूटूथ हेडफोन दोन वेगवेगळ्या पद्धतींनी चालतो. गाणी ऐकताना आवाज फक्त एका दिशेने येतो, स्टिरिओ असतो आणि दर्जाही चांगला असतो. फोनवर बोलताना आवाज दोन्ही दिशांनी न्यावा लागतो, म्हणून हेडफोन दुसऱ्या पद्धतीवर उडी मारतो. या दुसऱ्या पद्धतीत डावा-उजवा भेद संपतो आणि आवाज अरुंद होतो. जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, सुधारित प्रकारात १६,०००. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेच्या पुढचं काहीच पोहोचत नाही, म्हणजे जुन्या प्रकारात ४ किलोहर्ट्झच्या वर सगळी शांतता. ‘स’ आणि ‘श’ सारखे ऐकू येतात ते त्यामुळेच.

गेममध्ये याचा अर्थ असा, की माइक सुरू झाला की कानात येणारा गेमचा आवाजही त्याच अरुंद वाटेने येतो. मागून डावीकडे वाजलेली पावलं आणि समोर वाजलेली पावलं यात फरकच उरत नाही. इयरबड पंचवीस हजारांचे असले तरी या वाटेवर त्यांचा उपयोग नाही. ब्लूटूथची नवी ‘एलई ऑडिओ’ पद्धत ही अडचण बरीच कमी करते, पण ती दोन्ही टोकांना असावी लागते.

याच्या जोडीला उशीर आहेच. आवाज आधी दाबायचा, पाठवायचा, थोडा साठवून ठेवायचा आणि मग वाजवायचा, यात वेळ जातो. गाणी ऐकताना तो जाणवत नाही. फोनवरचा व्हिडिओ चित्रच तेवढं मागे ओढून घेतो, म्हणून तिथेही कळत नाही. गेमला चित्र थांबवून ठेवता येत नाही.

ट्रान्समीटरचा प्रयोग

तरीही घरातले इयरबड वापरता आले तर सात-आठ हजार वाचतात, म्हणून ३ ऑगस्टला यूएसबीचा ब्लूटूथ ट्रान्समीटर १,८९० रुपयांना मागवला. तो बुधवारी, ६ तारखेला आला. ही युक्ती खरी आहे. कन्सोलला तो ट्रान्समीटर म्हणजे एक यूएसबी हेडसेट वाटतो, आणि पुढे इयरबडशी काय बोलायचं ते ट्रान्समीटर बघतो. दोन मिनिटांत आवाज आला आणि आवाज छान होता.

उशीर मात्र मोजून बघितला, कारण पहिल्या दहा मिनिटांत कान फसतात. मोजायची पद्धत कुणालाही जमेल. फोनचा कॅमेरा सेकंदाला ६० चौकटींवर ठेवायचा, टीव्ही दिसेल असा धरायचा आणि इयरबड फोनच्या माइकला चिकटवायचा. गेममध्ये भिंतीसमोर उभं राहून एकेक गोळी झाडायची. मग ती क्लिप कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये उघडायची. बंदुकीच्या तोंडाशी उजेड ज्या चौकटीत दिसतो तिथून आवाजाची उभी रेघ उठते तिथपर्यंत चौकटी मोजायच्या. एक चौकट म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद.

सहा गोळ्यांची सरासरी १२ चौकटी आली. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. ट्रिगर दाबला, उजेड दिसला, आणि ‘धाड’ त्यानंतर. शर्यतीच्या गेममध्ये हे चालवून घेता येईल. नेमबाजीत किंवा तालाच्या गेममध्ये नाही. ‘ॲप्टएक्स लो लेटन्सी’ नावाची पद्धत हा उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास आणते, पण ती ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्हींमध्ये असावी लागते आणि बहुतेक इयरबडमध्ये ती नसते. ट्रान्समीटरच्या बॉक्सवर तिचं नाव बघून घेतलं आणि इयरबडच्या बॉक्सवर बघितलंच नाही, तर पैसे फुकट जातात.

माइकचा प्रश्नही राहिलाच. असे बरेच ट्रान्समीटर इयरबडचा माइक घेतच नाहीत. कंट्रोलरच्या जॅकमध्ये खोचायचा एक इवलासा माइक सोबत देतात, नाहीतर कंट्रोलरच्या अंगच्या माइकवर काम भागवावं लागतं. मांडीवर असलेला कंट्रोलर तोंडापासून दीड-दोन फूट लांब असतो आणि बटणांपासून दोन इंचांवर. मित्रांना बोलण्यापेक्षा बटणांची खटखट जास्त ऐकू गेली.

परत करतानाची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑनलाइन विक्रीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंना पुष्कळदा ‘फक्त बदलून मिळेल’ अशी अट असते, पैसे परत नाहीत. ही अट वस्तूच्या पानावर किमतीखाली बारीक अक्षरात असते आणि विक्रेत्यागणिक बदलते. इथे सात दिवसांत पैसे परत, अशी अट होती. ८ तारखेला अर्ज केला, ११ ला माणूस येऊन घेऊन गेला. त्याने बॉक्सवरचा अनुक्रमांक वस्तूवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, म्हणून बॉक्स फाडू नये. पैसे १८ तारखेला खात्यात आले. हा मधला आठवडा हिशेबात धरावा, नाहीतर पुढची खरेदी अडकते.

वायरचा हेडसेट आणि प्रतिध्वनीचं कोडं

९ आणि १० ऑगस्टला वायरचा हेडसेट लावून बघितला. कंट्रोलरच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकमध्ये खोचला की काम झालं. बॅटरी नको, जोडणी नको. खोचण्याआधी पिन मात्र डोळ्यांजवळ धरून बघा. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर धातूचे चार भाग होतात. टोकाकडून डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि शेवटी माइक. कंट्रोलरला हाच क्रम लागतो. दोनच रेघा असतील तर माइकची वाटच नाही. महागड्या ब्लूटूथ हेडफोनसोबत येणारी केबल बहुधा दोन रेघांची असते, आणि केबल लावली की त्यांचा स्वतःचा माइक अनेकदा बंद पडतो. ‘माझ्या हेडफोनला माइक आहे, वायरही आहे, तरी कुणाला ऐकू का जात नाही’ याचं उत्तर बहुतेक वेळा त्या दोन रेघांत असतं.

आवाज उत्तम होता, उशीर जाणवण्याजोगा नव्हता. पण पार्टीत, म्हणजे मित्रांच्या ऑनलाइन गप्पांच्या गटात, शिरल्यावर दहा मिनिटांत मित्र म्हणाला, “अरे, माझंच बोलणं मला परत ऐकू येतंय. तुझ्याकडून येतंय ते.”

याची कारणं दोन असू शकतात आणि त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून आधी ओळखावं लागतं. पहिलं कारण हवेतून होणारी गळती. कानावरची गादी नीट बसत नाही, आवाज बाहेर येतो आणि माइक तो उचलतो. दुसरं कारण वायरच्या आत असतं. दोन्ही कान आणि माइक यांची ग्राउंडची तार एकच असते. ती बारीक किंवा लांब असली की कानाकडे जाणाऱ्या आवाजाचा थोडा अंश माइकच्या वाटेत मिसळतो.

ओळखायचं असं. मित्राला सलग बोलत राहायला सांगायचं आणि माइकचं टोक अंगठ्याने घट्ट दाबून धरायचं. प्रतिध्वनी गेला तर गळती हवेतली आहे. तसाच राहिला तर वायरीतली. मी अंगठा दाबला, मित्र म्हणाला, “येतंय अजून.” मग नजर गेली ती मध्ये जोडलेल्या दीड मीटरच्या एक्स्टेन्शन केबलवर. ती काढून हेडसेट सरळ कंट्रोलरमध्ये लावला आणि प्रतिध्वनी थांबला. कंट्रोलर हातातच असतो, त्याला सव्वा मीटरची वायर पुरते. लांब वायरीचा इथे काही फायदा नाही.

हवेतली गळती निघाली असती तर आवाज दोन-तीन पायऱ्या खाली आणून माइकची पातळी कमी करावी लागली असती. चष्म्याच्या काडीमुळे गादी उचलली जाते, तेही बघावं.

माझं मत स्पष्ट आहे. दोन-अडीच हजारांच्या वायरच्या हेडसेटचा माइक सात-आठ हजारांच्या वायरलेस हेडसेटच्या माइकपेक्षा अनेकदा सरस निघतो. वायरीत माइकला स्वतंत्र वाट असते. वायरलेसमध्ये तीच रेडिओची वाट दोन कान आणि माइक यांच्यात वाटली जाते आणि कात्री माइकच्या वाट्याला लावतात. पैसे मोजके असतील तर वायरचाच घ्या, फक्त त्याचा रोध बघून घ्या. कंट्रोलरमध्ये ताकद कमी असते. ३२ ओहमचे हेडफोन तो आरामात वाजवतो, स्टुडिओतले २५० ओहमचे त्यावर पुटपुटतात.

मी वायरलेसकडे वळलो ते दोन कारणांनी. एक, शर्टाला घासणाऱ्या वायरची खरखर माइकमध्ये जात होती. दोन, कंट्रोलर चार्जिंगला लावून ठेवला की केबल आणि वायर यांचा गुंता होत होता.

बॉक्स वाचायला शिकणं

‘वायरलेस’ हा शब्द बॉक्सवर काहीच सांगत नाही. सोबत २.४ गिगाहर्ट्झचं डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खोचायचं छोटं रेडिओ उपकरण, आहे का, हे बघायचं. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतं, पण डोंगल आणि हेडसेट एकाच कंपनीने एकमेकांसाठी बनवलेले असतात. त्यांना जगातल्या प्रत्येक फोनशी जुळवून घ्यायचं नसतं, म्हणून ते आवाज कमी साठवतात आणि दोन्ही दिशांनी एकाच वेळी चालतात. सोनीची स्वतःची ‘प्लेस्टेशन लिंक’ ही वेगळी वाट आहे. तिच्यावर चालणारे हेडसेट प्लेस्टेशन पोर्टल या हातात धरायच्या उपकरणालाही थेट जोडले जातात.

घरात दुसरा कन्सोल असेल तर इथेच पाय घसरतो. एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि एस साधं यूएसबी डोंगल स्वीकारत नाहीत, त्यांना मायक्रोसॉफ्टची परवानगी असलेलंच उपकरण लागतं. ब्लूटूथ आवाज तिथेही नाही. पीएस साठीचं डोंगल एक्सबॉक्समध्ये खोचलं तर काहीच घडत नाही, चूक दाखवणारा संदेशही येत नाही. उलट दिशेने मात्र वाट असते. एक्सबॉक्सची परवानगी असलेल्या काही डोंगलांवर छोटं बटण असतं, ते सरकवलं की तेच डोंगल पीएस वर चालतं. स्टीलसीरिजच्या आर्क्टिस नोव्हा ७ मध्ये एक्सबॉक्ससाठीचा 7X आणि पीएस साठीचा 7P यांच्यातला फरक हाच आहे. दोन्ही कन्सोल असतील तर एक्सबॉक्सचं मॉडेल घ्यायचं.

निन्टेन्डो स्विचला सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून ब्लूटूथ आवाज मिळाला, पण ब्लूटूथचा माइक तिथे चालत नाही, आणि हेडफोन जोडलेला असताना दोनच वायरलेस कंट्रोलर जोडता येतात. जवळ बसलेल्या दुसऱ्या स्विचशी थेट खेळायला लागलं की ब्लूटूथ आवाज तुटतो. यूएसबी डोंगल डॉकमध्ये लावलं की ते नीट चालतं.

आणखी एक गोष्ट कन्सोलच्या मॉडेलवर अवलंबून आहे. पीएस ५ च्या पहिल्या मॉडेलला पुढे एक जुनं, चौकोनी यूएसबी-ए पोर्ट आहे. स्लिमला पुढे दोन्ही यूएसबी-सी आहेत, यूएसबी-ए फक्त मागे. डोंगल कोणत्या टोकाचं आहे हे बघून घ्या. ते पुढे लागणार की मागे, यावर बरंच काही ठरतं.

‘७.१’ या आकड्यासाठी मी एक रुपयाही जास्त दिला नाही. पीएस ५ चा थ्रीडी आवाज कन्सोलमध्येच तयार होतो आणि कुठल्याही साध्या स्टिरिओ हेडफोनवर चालतो. हेडसेटचं स्वतःचं ७.१ सुरू ठेवलं तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि पावलांची दिशा पुसट होते. दोन्हींपैकी एक बंद ठेवायचं, आणि मी हेडसेटचं बंद ठेवलं.

डोंगल आलं आणि आवाज तुटू लागला

१४ ऑगस्टला ८,४९९ रुपयांना हेडसेट मागवला. मध्ये पंधरा ऑगस्ट आणि रविवार आला, म्हणून तो मंगळवारी, १९ तारखेला पोहोचला. परत करायची मुदत हातात पडल्यापासून सात दिवस, म्हणजे २६ पर्यंत. दुसऱ्या दिवशी गणपती. घरात माणसांची ये-जा सुरू व्हायच्या आत सगळ्या चाचण्या उरकणं भाग होतं. मुदतीची तारीख मी बॉक्सवरच पेनाने लिहिली.

कन्सोल स्लिम, डोंगल यूएसबी-ए. म्हणून ते मागच्या पोर्टमध्ये गेलं. शेजारच्याच पोर्टमध्ये गेम साठवायची बाहेरची एसएसडी होती. फोनने पुन्हा तीच चाचणी केली. उशीर दोन चौकटी, म्हणजे ३३ मिलिसेकंदांच्या आसपास. कानाला तो कळत नाही. पण दर वीस-तीस सेकंदांनी आवाज ‘टक्’ करून तुटायचा, कधी अर्धा सेकंद गायब व्हायचा, आणि मान वळवली की जास्त.

इथे हेडसेट सदोष आहे असं समजून परत पाठवायची घाई होते. आधी हे बघा. वेगवान यूएसबी पोर्ट आणि त्यांच्या केबल काम करताना रेडिओचा गोंगाट सोडतात आणि त्याचा मोठा भाग नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. एसएसडीची केबल डोंगलपासून दोन सेंटीमीटरवर होती, म्हणजे कुजबुज ऐकायला बसलेल्या माणसाच्या कानाशी मिक्सर सुरू.

पडताळा सोपा. Settings मधल्या Storage मधून एसएसडी सुरक्षितपणे काढली आणि अर्धा तास खेळलो. एकदाही आवाज तुटला नाही. ती परत लावली, पीएस ४ चा एक गेम तिच्यावरून चालू केला, आणि तिसऱ्या मिनिटाला ‘टक्’.

उपाय १८० रुपयांचा. एक मीटरची साधी यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल २० तारखेला दुकानातून आणली, डोंगल तिच्या टोकाला लावलं आणि टीव्हीच्या पायाशी समोर आणून ठेवलं. मुद्दाम २.० चीच घ्या. हेडसेटच्या आवाजाला तिचा वेग भरपूर होतो आणि तिच्यात तो वेगवान गोंगाट नसतो. शिवाय डोंगल कन्सोलच्या मागून आणि लाकडी कपाटातून बाहेर, बसणाऱ्याच्या नजरेसमोर येतं. मान वळवल्यावर आवाज तुटत होता तो त्यामुळेच. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या डोक्यात चांगल्याच शोषल्या जातात.

उरलेली थोडी तूट वाय-फायची होती. कन्सोल राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवर नेला आणि ती गेली. आता फक्त स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह सुरू झाला की कधीतरी एखादा ‘टक्’ येतो.

एक बारीक त्रास मात्र बऱ्याच जणांना होतो. डोंगल लावलेलं असलं की हेडसेट बंद असतानाही कन्सोल आवाज तिकडेच पाठवत राहतो आणि टीव्ही मुका होतो. घरचे म्हणतात टीव्ही बिघडला. पीएस बटण दाबून खालच्या पट्टीतल्या Sound मध्ये आवाजाचं ठिकाण बदलायचं, एवढंच करावं लागतं. घरातल्यांना हे एकदा करून दाखवा.

मित्रांचा आवाज

२१ तारखेला पार्टीत शिरलो आणि कानात फक्त मित्र, गेम टीव्हीवर. हेही सेटिंगच असतं. Settings > Sound > Audio Output मध्ये Output to Headphones चं मूल्य Chat Audio झालेलं होतं. ते All Audio केलं की दोन्ही कानात येतात.

मग तोल. हेडसेटवर गेम आणि चॅट यांच्यासाठी गोल चकती होती, आणि पीएस ५ वर ती फिरवून काहीच होईना. कारण असं, की अशी चकती चालायला गेमचा आणि मित्रांचा आवाज हेडसेटपर्यंत वेगवेगळे यावे लागतात. संगणकाला हेडसेट दोन उपकरणं म्हणून दिसतो, म्हणून तिथे ते जमतं. पीएस ५ दोन्ही आवाज आपल्या पोटातच मिसळतो आणि एकच प्रवाह बाहेर पाठवतो. मिसळून झालेल्या चहातून दूध वेगळं कसं करणार? तोल कन्सोलमध्येच, पीएस बटणाच्या पट्टीतल्या Sound मध्ये करायचा. सरकपट्टी मध्यापासून चॅटकडे दोन पायऱ्या नेल्यावर स्फोटातही बोलणं कळू लागलं. बॉक्सवर या चकतीचं चित्र बघून हजार रुपये जास्त देऊ नका.

मित्र डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर बोलत असतील तर २०२३ पासून ते पीएस ५ वरच जोडता येतं आणि तोलही तिथेच होतो. तसं न करता फोन ब्लूटूथने हेडसेटला जोडायचा आणि गेम डोंगलवरून ऐकायचा, अशी सोय काही हेडसेटमध्ये असते. चालते ती. पण फोनवर बोलणं सुरू झालं की माइक फोनकडे जातो आणि गेममधल्या पार्टीला तुम्ही ऐकू येत नाही.

माइकची परीक्षा

२३ आणि २४ ऑगस्ट माइकसाठी ठेवले. Settings > Sound > Microphone मध्ये Adjust Mic Level उघडलं की बोलताना पट्टी हलते. नेहमीच्या आवाजात बोलताना ती चांगल्या पट्ट्यात राहावी आणि ओरडल्यावर क्षणभरच वर जावी. पट्टी फक्त जोर सांगते, दर्जा नाही. स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर गेमच्या व्हिडिओ क्लिपमध्ये माइकचा आवाज घेण्याचा पर्याय सुरू करून अर्ध्या मिनिटाची क्लिप काढा. तरी शेवटचा निकाल मित्राच्या कानाचाच, कारण पार्टीचा आवाज पाठवताना पुन्हा दाबला जातो. क्लिपमध्ये ऐकलेला भरदारपणा त्याच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही, आणि म्हणूनच चॅटपुरत्या माइकवर फार पैसे घालण्यात अर्थ नाही.

मित्राला चार गोष्टी ऐकवल्या. आधी “सशाने शेतातला ऊस खाल्ला” हे वाक्य, कारण स, श आणि ख यात माइकची अरुंदता लगेच उघडी पडते. मग “पप्पा भोपळा आणा”, कारण प, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो. मग न बोलता पंखा पाचवर. शेवटी कंट्रोलरची बटणं जोरात.

पहिल्या वाक्यावर तो म्हणाला, “फोनवर बोलतोयस असं वाटतंय, पण शब्द न् शब्द कळतोय.” वायरलेस माइकची हीच पातळी धरून चाला. अनेक मॉडेलमध्ये माइकचा परतीचा प्रवास सेकंदाला १६,००० नमुन्यांवर चालतो. यूट्यूबसाठी बोलायचं असेल तर वेगळा माइक लागतो.

दुसऱ्या वाक्यावर फटफट असा आवाज गेला. माइकची दांडी ओठांसमोरून काढून तोंडाच्या कोपऱ्याशी, गालापासून दोन बोटांवर आणली. झोत बाजूने निघून गेला आणि फटफट थांबली. दांडीच्या टोकावर एका बाजूला बारीक भोकं किंवा खूण असते, ती बाजू तोंडाकडे हवी. उलटी झाली की “विहिरीतून बोलतोयस” असं ऐकू येतं.

पंख्याने जास्त वेळ घेतला. पाचवर फिरणाऱ्या छताच्या पंख्याचा घरघराट सतत जात होता. माइकची पातळी कमी करून दांडी अर्ध्या इंचाने जवळ आणली, तेव्हा तो बराच मागे पडला. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज दुप्पट होतो आणि पंख्याचा होता तेवढाच राहतो, म्हणून आधी दांडी हलवायची आणि मगच गोंगाट कमी करणाऱ्या सेटिंगला हात लावायचा. ते सेटिंग जोरात लावलं की वाक्याचा पहिला शब्द खाल्ला जातो. “डावीकडून आला” मधलं ‘डावी’ गेलं तर सांगून उपयोग काय?

स्वतःचं बोलणं आपल्याच कानात हलकं येण्याची सोय हेडसेटमध्ये आहे का, तेही बघा. तिला साइडटोन म्हणतात. बंद गाद्यांचा हेडसेट घातला की आपला आवाज आपल्याला दबलेला वाटतो आणि माणूस नकळत ओरडू लागतो. साइडटोन थोडा वाढवला की रात्री अकराला घरातले उठत नाहीत.

मुदत संपण्याआधी

२५ तारखेला सलग साडेतीन तास हेडसेट डोक्यावर ठेवला. पुण्यातल्या पावसाळी दमटपणात कृत्रिम चामड्याच्या गाद्या तासाभरात ओल्या होतात आणि वर्षभरात सोलवटू लागतात. कापडी गाद्यांतून आवाज थोडा जास्त बाहेर जातो, पण कान कोरडे राहतात. गाद्या ओढून निघतात का आणि सुट्या मिळतात का, हे विकत घेण्याआधी विचारायला हवं होतं. या हेडसेटच्या निघतात.

त्याच संध्याकाळी हेडसेट विंडोजच्या संगणकाला लावून त्याचं फर्मवेअर अद्ययावत केलं. बऱ्याच हेडसेटचं हे काम कन्सोलवरून होत नाही. हेडसेट आणि डोंगल दोन्ही लावून ठेवायचे आणि पट्टी पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही.

२६ ला ठेवायचं नक्की केलं. जीएसटीचं बिल उतरवून घेतलं, त्यावर अनुक्रमांक आहे का ते पाहिलं. नव्हता, म्हणून बॉक्सवरच्या क्रमांकाचा फोटो बिलासोबत ठेवला. वॉरंटीसाठी दोन्ही मागतात. एकूण खर्च ८,६७९ रुपये, ट्रान्समीटरचे पैसे परत आल्यानंतरचा.

डोंगल हरवलं तर वेगळं मिळतं का, हे त्याच दिवशी विक्रेत्याला लिहून विचारलं. उत्तर दोन दिवसांनी आलं: भारतात मिळत नाही. डोंगलशिवाय हा हेडसेट पीएस ५ वर फक्त वायरने चालेल. तेव्हापासून डोंगल एक्स्टेन्शन केबलच्या टोकालाच असतं, त्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे, आणि कन्सोल प्रवासाला नेताना केबल सकट तेच पिशवीत जातं.